पहिल्या शिवीलाच म्यूट

माझी भाची पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रीचे जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे जर्नल आटोपले की ती तासभर व्हॅलोरंट हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळते, आणि सुट्टीत आमच्याकडे आली की मीही शेजारी खुर्ची ओढून बसतो. गेल्या दिवाळीत तिचा असाच एक सामना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. व्हॉइस चॅटवरच्या शिवीगाळीचे काय करावे याबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते बहुतेक सगळे त्या एका सामन्यात आलेले होते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाच-पाच जणांचे दोन संघ असतात, बारा राउंडनंतर बाजू बदलतात आणि आधी १३ राउंड जिंकणारा संघ सामना जिंकतो. बोलण्यासाठी एक कळ दाबून ठेवावी लागते आणि तो आवाज फक्त आपल्या संघातील चौघांना ऐकू जातो. शत्रू कुठून येत आहे, किती आहेत, कोणाला किती गोळ्या लागल्या आहेत, हे एकमेकांना सांगण्यासाठी ही सोय आहे आणि खेळाडू त्याला कॉल देणे म्हणतात. यातून एक गोष्ट आपोआप निघते, जी बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: या खेळात व्हॉइसवर शिवी देणारा माणूस नेहमी आपल्याच संघातला असतो. ज्याच्या मदतीवाचून राउंड जिंकणे अवघड आहे, तोच बोलत असतो, आणि म्हणून त्याचा आवाज बंद करताना हात अडखळतो.

त्या रात्री भाची असेंट नावाच्या नकाशावर किलजॉय हे पात्र घेऊन खेळत होती. किलजॉयचे काम राखणदाराचे असते. ती आपली यंत्रे लावून एक बाजू धरून ठेवते आणि तिकडून कोणी आले तर संघाला कळवते. संघातील तिघे एकमेकांचे मित्र होते आणि एकत्र खेळायला आले होते, चौथा कोणी अनोळखी मुलगा होता. तिसऱ्या राउंडमध्ये तिने पहिल्यांदा तोंड उघडले आणि नकाशावरच्या मार्केट या भागातून दोघे येत असल्याचे सांगितले. त्या कॉलवर कोणी हलले नाही. त्याऐवजी तिघांपैकी एकाने हिंदीत “अरे, ही तर मुलगी आहे” अशा अर्थाचे काही म्हटले, आणि चौथा राउंड हरून गुण १-३ झाले तेव्हा त्याची जीभ सुटली. आधी स्वयंपाकघरावरून टोमणा, मग तिच्या मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल, मग सरळ शिवी. त्याचा मित्र मागून हसत होता.

मी काही बोलणार तोच तिने Esc दाबले, खेळाडूंची यादी उघडली, शिवी देणाऱ्याच्या आणि हसणाऱ्याच्या नावापुढचे आवाजाचे चिन्ह बंद केले आणि पाचव्या राउंडची बंदूक विकत घेतली. या सगळ्याला पाच-सात सेकंद लागले असतील. सहाव्या राउंडमध्ये त्याने लिहायला सुरुवात केली, कारण आवाज बंद केला तरी मजकूर वेगळा बंद करावा लागतो. तेव्हा तिने मजकूरही बंद केला. त्यानंतर त्या दोघांचे काहीही तिच्यापर्यंत आले नाही, परंतु तिचे कॉल मात्र त्यांच्यापर्यंत जातच राहिले, कारण म्यूट एका दिशेने चालतो. बाजू बदलल्या तेव्हा गुण ५-७ होते आणि सामना शेवटी ११-१३ असा हरला गेला.

माझे म्हणणे असे आहे की पहिल्या स्पष्ट शिवीलाच, पुढचा राउंड सुरू होण्याआधी, आवाज आणि मजकूर दोन्ही बंद करणे हा नियम प्रत्येक खेळाडूने स्वतःपुरता ठरवून टाकावा. दुसरी संधी देऊ नये, समज देऊ नये, उत्तर देऊ नये. मी हे इतक्या ठामपणे म्हणतो कारण या नियमाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते मी स्वतः अनेक वर्षे मानत आलो होतो.

सर्वांत मोठा आक्षेप माहितीचा आहे. संघातील एकाला म्यूट केले की त्याचे कॉल बुडतात, आणि कॉल बुडाले की राउंड बुडतो, असे चांगले खेळाडू म्हणतात. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासून पाहावा. त्या चार राउंडमध्ये त्या मुलाने किती कॉल दिले होते? मी मोजले होते असे नाही, परंतु मला एकही आठवत नाही. जो माणूस दुसऱ्याच्या चुका सांगण्यात गुंतला आहे तो समोर कोण दिसले हे सांगत नाही, कारण दोन्हीसाठी तोंड एकच असते. शिवाय आवाज हाच माहितीचा एकमेव मार्ग नाही. छोट्या नकाशावर साथीदाराला दिसलेला शत्रू आपल्यालाही दिसतो, साथीदार कुठे मेला ते कळते, आणि नकाशावर खूण करून धोका दाखवता येतो. म्यूट केल्याने जाते ती या सगळ्यावरची भर. ती भर खरी असते हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच नुसता चिडका, कुरकुरणारा किंवा आवाज चढवून का होईना पण कॉल देणारा साथीदार म्यूट करू नये असे मला वाटते. “अरे, मागे बघ ना” असे कोणी खेकसला तर त्यात माहिती आहे. शिवीत माहिती नसते. ही सीमा खेळताना ओळखणे अवघड जात नाही.

दुसरा आक्षेप असा की मैदान म्हटले की असे बोलणे आलेच आणि ज्याला ते सोसत नाही त्याने खेळू नये. मी तरुण असताना पुण्यातल्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो. तिथेही शिव्या होत्या. परंतु शिवी देणारा तीन खुर्च्या सोडून बसलेला असायचा, सामना संपला की त्याच्याबरोबर चहा प्यायला जायचे असायचे, आणि फारच झाले तर कॅफेचा मालक उठून यायचा. कबड्डीत तर पंचाच्या खिशात हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे मिळाले की खेळाडू दोन मिनिटे बाहेर आणि लाल मिळाले की सामन्यातून बाहेर. म्हणजे जे मैदान आपण दाखल्यासाठी पुढे करतो त्या मैदानावर गैरवर्तन त्या क्षणी थांबवणारा कोणीतरी हजर असतो. ऑनलाइन सामन्यात तो नसतो. तिथे चाळीस मिनिटे पाच अनोळखी माणसे एका खोलीत कोंडल्यासारखी असतात, मध्येच उठून गेले तर शिक्षा जाणाऱ्यालाच होते, आणि कंपनीचा निर्णय झालाच तर तो सामना संपल्यावर होतो. पंचाची जागा रिकामी असताना खेळाडूच्या हाती जी एक गोष्ट तत्काळ चालते ती म्यूट आहे, आणि ती वापरणाऱ्याला नाजूक ठरवणे म्हणजे कबड्डीपटूने पंचाकडे दाद मागितली म्हणून त्याला हिणवण्यासारखे आहे.

उत्तर देऊ नये असे मी का म्हणतो याला थोडा आधार आहे. जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसे रोझ या दोन संशोधकांनी हेलो ३ या खेळात एक साधा प्रयोग केला होता, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच ती निरुपद्रवी वाक्ये काही सामन्यांत पुरुषाच्या आवाजात आणि काही सामन्यांत स्त्रीच्या आवाजात ऐकवली गेली, तर काही सामन्यांत काहीच बोलले गेले नाही. स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या किंवा मौनाच्या तुलनेत सुमारे तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. पुढे २०१५ मध्ये मायकेल कसुमोविच आणि कुझनेकॉफ यांनी त्याच सामग्रीचा वेगळ्या अंगाने विचार केला, तेव्हा असे दिसले की स्त्रीच्या आवाजावर तुटून पडणारे प्रामुख्याने वाईट खेळणारे पुरुष होते, आणि चांगले खेळणाऱ्यांचे बोलणे तिच्याशी उलट अधिक सौजन्याचे होते. एका खेळातल्या एका प्रयोगावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही. परंतु भाचीच्या सामन्यात मी जे पाहिले ते याच्याशी जुळते: त्या मुलाची जीभ सुटली ती संघ मागे पडल्यावर, आणि त्या वेळी गुणफलकावर तो स्वतः तळाशी होता. अशा माणसाला आपण दिलेले उत्तर कितीही बिनतोड असले तरी त्याचे दुखणे त्याने बरे होत नाही. त्याला बोलायला आणखी एक राउंड मिळतो एवढेच.

उत्तर न देण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे, आणि तरुण खेळाडू ते फार वेळा विसरतात. समोरच्याने शिवी दिली म्हणून आपण दोन शिव्या दिल्या, तर दोघांचीही तक्रार होऊ शकते आणि तपासणाऱ्यापुढे दोघांचाही आवाज असतो. कोणी सुरुवात केली याला तिथे आपल्याला वाटते तेवढे वजन नसते.

शांत राहा असा उपदेश करणे सोपे असते, म्हणून ते नेमके कसे करायचे याबद्दल थोडे बोलतो. प्रत्येक राउंडपूर्वी शस्त्रे विकत घेण्यासाठी साधारण ३० सेकंद मिळतात. मन बिघडते ते बहुतेक याच ३० सेकंदांत, कारण राउंडमध्ये डोळे आणि हात गुंतलेले असतात आणि रागाला जागा मिळते ती राउंडांच्या मधल्या रिकाम्या वेळात. भाचीची रीत अशी आहे की म्यूट केल्यावर त्या ३० सेकंदांत ती मोठ्याने, कळ दाबून, पुढच्या राउंडसाठी एक साधे वाक्य बोलते: “मी बी बाजू धरते, मार्केटमध्ये यंत्र लावले आहे.” हे वाक्य संघासाठी असते तितकेच तिच्या स्वतःसाठी असते. आपला आवाज काही झाले नाही अशा पद्धतीने बाहेर पडला की हातही ताळ्यावर येतो, असे ती म्हणते, आणि त्या दिवशी मला ते डोळ्यांसमोर दिसले. पाचव्या राउंडमध्ये तिचे नेम चुकत होते, सातव्यापर्यंत ते सुधारले होते.

एक प्रसंग मात्र वेगळा हाताळावा लागतो. संघातील चौघे मेले आणि आपण एकटेच उरलो की त्याला क्लच म्हणतात. मेलेले चौघे आपला पडदा पाहत असतात आणि त्यांना करायला दुसरे काही नसते, त्यामुळे टीकेचा सर्वांत जास्त मारा तिथेच होतो. शिवी नसली, नुसत्या सूचनाच असल्या, तरी चार जणांच्या चार सूचनांत शत्रूच्या पावलांचा आवाज बुडतो, आणि या खेळांत पावलांच्या आवाजावर अर्धा निर्णय अवलंबून असतो. काउंटर-स्ट्राइकच्या निर्मात्यांना ही अडचण इतकी खरी वाटली की त्यांनी clutch_mode_toggle अशी आज्ञा दिली. ती एखाद्या कळीला जोडून ठेवली की एका दाबासरशी सर्वांचे बोलणे राउंड संपेपर्यंत बंद होते. यात कोणाचा अपमान नाही आणि कोणाला शिक्षाही नाही. मला ही सोय फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण ती आवाज बंद करण्याला भांडणापासून सोडवते आणि खेळाच्या तंत्रात आणून बसवते. बीजीएमआयसारख्या मोबाइल खेळांतही ध्वनिक्षेपकाचे चिन्ह दाबून सर्वांचे बोलणे, फक्त संघाचे बोलणे किंवा काहीच नाही, असा पर्याय निवडता येतो. घरात लहान मूल खेळत असेल तर पालकांनी पाहावी अशी पहिली जागा तीच आहे. खेळच बंद करून टाकण्याची धमकी दिली तर मूल फक्त पुढची शिवी आपल्याला सांगायचे थांबवते.

आता तक्रारीकडे, म्हणजे रिपोर्टकडे येतो. माझ्या ओळखीतले निम्मे खेळाडू म्यूट करतात आणि तिथेच थांबतात, कारण रिपोर्टने काही होत नाही अशी त्यांची खात्री आहे. ही खात्री कशी चुकीची आहे हे समजण्यासाठी रिपोर्ट दाबल्यावर काय घडते ते पाहावे लागते, आणि ते प्रत्येक खेळात सारखे नाही.

व्हॅलोरंटची कंपनी रायट गेम्स हिने २०२१ मध्ये आपल्या खासगीपणाच्या धोरणात बदल करून सांगितले की व्हॉइसवरील गैरवर्तनाची तक्रार आली तर संबंधित आवाज साठवून तपासला जाईल, आणि वेळेत तक्रार आली नाही किंवा तपासात काही आढळले नाही तर तो पुसून टाकला जाईल. म्हणजे इथे तक्रार ही किल्लीसारखी आहे. ती फिरवली नाही तर पुरावा नाहीसा होतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये फेब्रुवारी २०२० पासून वेगळी पद्धत आली. ज्याच्याविरुद्ध इतरांच्या मानाने फारच जास्त तक्रारी येतात त्याला आधी ताकीद मिळते, आणि तो सुधारला नाही तर तो सर्वांसाठी मुळातच म्यूट होतो. इतरांनी स्वतः होऊन त्याचा आवाज सुरू केला तरच तो ऐकू येतो, आणि बराच खेळ खेळून अनुभवगुण मिळवल्याशिवाय ही शिक्षा उठत नाही. इथे तक्रार म्हणजे मोजणीतला एक आकडा आहे. एका तक्रारीने काही दिसत नाही, पण न केलेल्या तक्रारीने मोजणीच खोटी पडते. या दुसऱ्या पद्धतीत एक धोका आहे, की तीन-चार मित्र ठरवून एखाद्या निरपराध खेळाडूविरुद्ध तक्रारी करू शकतात, आणि म्हणून मला आवाज तपासणारी पद्धत अधिक न्याय्य वाटते. दोन्हींना समान असलेली गोष्ट एवढीच, की संघातल्या कोणीतरी बोट उचलल्याशिवाय चाक फिरत नाही.

कन्सोलवर खेळणाऱ्यांनी क्रमाकडे लक्ष द्यावे. प्लेस्टेशन ५ वर पार्टी चॅटमधील, म्हणजे एकत्र जोडलेल्या खेळाडूंमधील, संभाषणाचा शेवटच्या पाच मिनिटांचा भागच तक्रारीसाठी उपलब्ध असतो आणि त्यातून जास्तीत जास्त ४० सेकंदांचा तुकडा पाठवता येतो. एक्सबॉक्सवर २०२३ मध्ये आलेल्या सोयीत ६० सेकंदांचा तुकडा आपण स्वतः पकडायचा असतो आणि तो पाठवायला २४ तास मिळतात. अशा ठिकाणी आधी तुकडा पकडावा आणि मग म्यूट करावे. व्हॅलोरंटमध्ये ही घाई नाही, कारण ध्वनिमुद्रण आपल्या यंत्रावर अवलंबून नसते. म्यूट केल्यानंतर तो आणखी काय बोलला हे आपण ऐकले नसले, तरी तक्रार करता येते.

भाचीने सामना संपल्यावर दोन तक्रारी केल्या, एक त्या मुलाच्या आवाजाबद्दल आणि मजकुराबद्दल, दुसरी त्याच्या मित्राच्या मजकुराबद्दल, कारण शेवटी त्यानेही लिहिले होते असे चौथ्या खेळाडूने तिला कळवले. तिने प्रकार नीट निवडले. आवाजातील शिवीगाळ, लेखी शिवीगाळ आणि मुद्दाम खेळ बिघडवणे हे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि चुकीच्या प्रकारात टाकलेली तक्रार चुकीच्या ठिकाणी तपासली जाते. खालच्या रिकाम्या जागेत तिने लिहिले: चौथ्या आणि सहाव्या राउंडमध्ये, स्त्री असल्यावरून, अमुक शब्द. तिने त्याच्या खेळाबद्दल एक अक्षर लिहिले नाही. “हा अगदी बेकार खेळतो” असे वाक्य रागाच्या भरात लिहावेसे वाटते, परंतु वाईट खेळणे हा गुन्हा नाही, आणि ते वाक्य खऱ्या तक्रारीला हरल्याच्या चिडीचा रंग देते. काही दिवसांनी खेळ उघडताच तिने तक्रार केलेल्या एका खेळाडूवर कारवाई झाल्याचा निरोप पडद्यावर आला. तो कोणता हे त्यात नव्हते आणि कोणती कारवाई हेही नव्हते. तरीही तिचा चेहरा मी पाहिला आहे, आणि असा एक निरोप पुढच्या दहा तक्रारी करायला बळ देतो असे मी म्हणेन.

शिक्षांची मर्यादाही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रायटने व्हॅलोरंटविषयी लिहिताना, शिक्षा वाढवूनही खेळाडूंना गैरवर्तन भेटण्याचे प्रमाण म्हणावे तसे कमी झालेले नाही, अशी कबुली दिली होती. मला त्या कबुलीतून निराशा वाटत नाही. उघड आहे की शिक्षा झालेल्याच्या जागी रोज नवे खेळाडू येतात, आणि शिक्षा नेहमी घटनेनंतर होते. म्हणून आजच्या सामन्यासाठी म्यूट आणि पुढच्या माणसाच्या सामन्यासाठी रिपोर्ट, अशी विभागणी मी मनात ठेवतो. पहिल्याशिवाय दुसरे केले तर चाळीस मिनिटे जाच होतो. दुसऱ्याशिवाय पहिले केले तर तोच मुलगा अर्ध्या तासाने दुसऱ्या कोणाच्या संघात असतो.

इथे एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत अधिक छळतो. म्यूट करा, शांत राहा, तक्रार भरा, ही सगळी कामे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सांगितली जातात. भाचीच्या वसतिगृहातल्या दोन मुली व्हॅलोरंट खेळतात आणि दोघींनीही बोलण्याची कळ काढून टाकली आहे. त्या फक्त खुणा करतात. त्यांना कोणी शिवी देत नाही, कारण त्या मुली आहेत हे कोणाला कळतच नाही. याला उपाय म्हणता येत नाही. खेळातील सर्वांत उपयोगी साधन त्यांनी सोडून दिले आणि ज्यांच्यामुळे सोडले ते मात्र मोकळे बोलत आहेत. मराठी, तमिळ किंवा ईशान्येकडील उच्चारांची हिंदी बोलणाऱ्या मुलांनीही हेच केलेले मी पाहिले आहे.

या आक्षेपाचे पूर्ण उत्तर खेळाडूच्या हाती नाही, पण काही भाग आहे, आणि तो पीडिताकडे नसून चौथ्या खेळाडूकडे आहे. त्या सामन्यातील अनोळखी मुलाने आठव्या राउंडपूर्वी फक्त एवढेच म्हटले: “किलजॉयचे कॉल बरोबर आहेत, ऐका.” त्याने कोणाला दटावले नाही, भांडण ओढवून घेतले नाही, भाचीची कड घेतल्याचा आवही आणला नाही. पुढच्या राउंडमध्ये तिघांतला एक, जो आतापर्यंत गप्प होता, तिच्या कॉलवर बी बाजूला धावला आणि तो राउंड संघाने जिंकला. सामन्यानंतर त्या अनोळखी मुलानेही तक्रार केली. जिथे मोजणीची पद्धत आहे तिथे त्याची तक्रार हा दुसरा आकडा असतो, आणि जिथे आवाज तपासला जातो तिथे त्याच प्रसंगाचा दुसरा साक्षीदार. संघात पाच जण असतात, त्यांतला एक शिवी देतो आणि एक खातो. उरलेल्या तिघांना आपण या चर्चेत फार सहज सोडून देतो. रिपोर्ट करण्याचा अधिकार फक्त ज्याला शिवी दिली त्यालाच आहे असा कुठल्याही खेळाचा नियम नाही.

बाकीचे काम कंपन्यांचे आहे, आणि त्यात भारतीय खेळाडूंनी आग्रहाने मागावी अशी गोष्ट भाषेची आहे. आवाज आपोआप तपासणाऱ्या यंत्रणांची सुरुवात इंग्रजीपासून झाली. रायटने जुलै २०२२ मध्ये व्हॅलोरंटसाठी आपली यंत्रणा घडवायला घेतली ती उत्तर अमेरिकेतील इंग्रजी संभाषणांवर. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये अशी तपासणी सुरू झाली तीही उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीतच. एक्सबॉक्सची ध्वनितक्रारीची सोयही आधी इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच आली. मुंबईच्या सर्व्हरवर एकाच वाक्यात हिंदी, मराठी, पंजाबी आणि इंग्रजी येतात, शिवी अर्धी गिळलेली असते आणि तिचा डंख अनेकदा शब्दापेक्षा जातीच्या, गावाच्या किंवा बाईपणाच्या उल्लेखात असतो. हे ओळखण्यासाठी इथल्या भाषा कानांत बसलेली माणसे नेमावी लागतील. जी कंपनी इथल्या खेळाडूंना बंदुकांची रंगीत आवरणे रुपयांत विकते, तिच्याकडे ही मागणी करणे अवाजवी नाही.

तोवर एक मार्ग कायद्याचा आहे, तो थोड्यांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे लोकांचे बोलणे-लिहिणे एकमेकांपर्यंत पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवांना, तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि २०२६ मधील दुरुस्तीनंतर ७ दिवसांत तिचा निकाल लावावा लागतो. प्रत्येक शिवीसाठी तिथे जाण्याची गरज नाही. परंतु तोच खेळाडू पुन्हा पुन्हा मागे लागला, नाव-पत्ता शोधून काढण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली, तर खेळातील रिपोर्टवर थांबू नये. तारीख, वेळ, त्याचे खेळातील नाव आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. धमकी देणे आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दांनी अपमान करणे हे भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हे आहेत, मग ते शब्द हेडफोनमधून आले असोत की रस्त्यावर.

रिपोर्टच्या त्या रिकाम्या जागेत काय लिहावे यावर भाची बराच वेळ थांबली होती. शिवी हिंदी होती आणि वाचणारा कोण, कुठला, हे तिला माहीत नव्हते. नुसता इंग्रजी अर्थ लिहिला तर ती सौम्य वाटत होती, आणि नुसता मूळ शब्द लिहिला तर कळण्याची खात्री नव्हती. शेवटी तिने मूळ शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा लिहिला, त्याच्यापुढे इंग्रजीत त्याचा अर्थ लिहिला, आणि तो कोणाला उद्देशून, कोणत्या राउंडमध्ये म्हटला गेला हे लिहिले. हे करताना तिला तो शब्द स्वतःच्या हाताने टाइप करावा लागला, आणि त्या एका क्षणी ती थोडी थबकली, हे मी पाहिले.